स्प्लिटची बेरीज एकूण वेळेशी का जुळत नाही, आणि ती कशी जुळवायची

शर्यत संपल्यावर पोह्यांच्या स्टॉलपाशी आमच्या ग्रुपमधले काका मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून उभे होते. वय ५८. दहा किलोमीटर ५० मिनिटांच्या आत पळायचं हा त्यांचा या वर्षीचा हट्ट. आयोजकांच्या निकालात त्यांची वेळ लागली होती ५०:०१.

"हे बघ, माझे दहाही स्प्लिट मी दोनदा बेरीज करून पाहिले. ४९:५४ येतात. सात सेकंद कुणी खाल्ले?"

"काका, तुमच्या घड्याळात एकूण वेळ किती दिसतेय?"

त्यांनी मनगट वळवून पाहिलं. "५०:००."

म्हणजे भांडण आयोजकांशी नव्हतंच. काकांच्या घड्याळाचं स्वतःशीच पटत नव्हतं. एका पडद्यावर दहा स्प्लिट, म्हणजे एकेका किलोमीटरला लागलेली वेळ, त्यांची बेरीज ४९:५४. दुसऱ्या पडद्यावर एकूण वेळ, ती ५०:००. ग्रुपची वेळांची शीट मी सांभाळतो, त्यामुळे असला तंटा महिन्यातून एकदा तरी माझ्याकडे येतो. तो कसा सोडवायचा ते काकांच्याच आकड्यांवरून सांगतो.

आधी गुन्हेगार राउंडिंगच आहे ना, ते बघा

बेरीज जुळली नाही की लगेच राउंडिंगवर, म्हणजे वेळ पूर्ण सेकंदात आणण्यावर, खापर फोडू नका. त्याच्याहून मोठे तीन चोर आहेत.

पहिला म्हणजे शेवटचा तुकडा. घड्याळ ऑटो लॅपवर असेल तर ते स्वतःच्या जीपीएसप्रमाणे दर किलोमीटरला लॅप पाडतं. दहा किलोमीटरच्या शर्यतीत ते १०.०८ किलोमीटर मोजणं अगदी नेहमीचं. मग दहा लॅपनंतर ८० मीटरचा अकरावा लॅप उरतो आणि बेरीज करताना तो सोडला जातो. किलोमीटरला पाच मिनिटांच्या पेसने ८० मीटर म्हणजे २४ सेकंद. दुसरा चोर ऑटो पॉज. पाण्याच्या टेबलापाशी थांबलात की घड्याळही थांबतं, पण शर्यतीचं घड्याळ थांबत नाही. तिसरा गन टाइम आणि चिप टाइममधला फरक. बंदूक वाजल्यापासून तुम्ही स्टार्टची मॅट ओलांडेपर्यंत गेलेला वेळ गन टाइममध्ये धरला जातो, चिप टाइममध्ये नाही.

काकांच्या बाबतीत हे तिन्ही बाद झाले. ते जुन्या वळणाचे आहेत, ऑटो लॅप आणि ऑटो पॉज दोन्ही बंद ठेवतात आणि प्रत्येक किलोमीटरच्या फलकापाशी स्वतः बटण दाबतात. लॅप बरोबर दहा होते. निकालातली ५०:०१ ही चिप टाइम होती.

आता एक मोजपट्टी लक्षात ठेवा. निव्वळ राउंडिंगमुळे होणारी चूक दर स्प्लिटला एका सेकंदाहून जास्त असूच शकत नाही. दहा स्प्लिट असतील तर सगळी मिळून दहा सेकंदांच्या आत. फरक २५ सेकंदांचा असेल तर राउंडिंगचा विचार सोडा आणि वरच्या तिघांपैकी कोण ते शोधा. काकांचा फरक सहा-सात सेकंदांचा, म्हणजे संशयाला जागा होती.

दशांश कुठे सापडतात

घड्याळाच्या पडद्यावर स्प्लिट पूर्ण सेकंदांत दिसतो, पण घड्याळ आतमध्ये बारीक मोजत असतं. स्पोर्ट्स घड्याळांच्या FIT फाइलमध्ये प्रत्येक लॅपची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत साठवायची सोय असते. तिथे दोन वेगळ्या वेळा मिळतात: `total_elapsed_time` मध्ये थांबलेला वेळ धरलेला असतो, `total_timer_time` मध्ये नसतो. TCX फाइल असेल तर ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि `TotalTimeSeconds` शोधा. प्रत्येक लॅपसाठी एक आकडा मिळेल, बहुतेक वेळा दशांशासकट. GPX फाइल या कामाची नाही, कारण तिच्यात लॅप नसतातच.

काकांच्या फाइलमधून निघालेले आकडे असे. मी ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत घेतले आहेत, त्याहून बारीक जाण्याची इथे गरज नाही.

| किमी | खरा स्प्लिट | पडद्यावरचा स्प्लिट |
|---|---|---|
| १ | ४:५७.८ | ४:५७ |
| २ | ४:५९.६ | ४:५९ |
| ३ | ५:०१.७ | ५:०१ |
| ४ | ५:००.९ | ५:०० |
| ५ | ५:०२.४ | ५:०२ |
| ६ | ५:०१.८ | ५:०१ |
| ७ | ५:०३.७ | ५:०३ |
| ८ | ५:०२.५ | ५:०२ |
| ९ | ४:५८.९ | ४:५८ |
| १० | ४:५१.३ | ४:५१ |
| एकूण | ५०:००.६ | ४९:५४ |

पहिल्या ओळीवर बोट ठेवा. ४:५७.८ म्हणजे जवळजवळ ४:५८, पण पडद्यावर ४:५७. काकांचं घड्याळ जवळच्या सेकंदावर नेत नाही, ते दशांश सरळ छाटून टाकतं. दहा वेळा छाटलेले तुकडे एकत्र केले तर ६.६ सेकंद होतात, आणि ५०:००.६ मधून ते वजा केले की नेमके ४९:५४ उरतात. "एकूण वेळ" दाखवणारा पडद्यावरचा आकडाही छाटलेलाच आहे, पण तिथे छाटणी एकदाच झाली. ५०:००.६ चे ५०:००, नुकसान फक्त ०.६ सेकंदाचं. स्प्लिटच्या रांगेत तीच छाटणी दहा वेळा झाली.

आयोजकांचे ५०:०१ कुठून आले? जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत रस्त्यावरच्या शर्यतीची वेळ पूर्ण सेकंदांत देतात आणि सेकंदाचा भाग उरला तर पुढच्या सेकंदावर नेतात. म्हणजे २:०९:४४.३ ची नोंद २:०९:४५ होते. धावणाऱ्याला न मिळवलेला वेळ फुकट मिळू नये, असा त्यामागचा हिशेब. ५०:००.६ चे ५०:०१ झाले. तिन्ही आकडे एकाच धावेचे आणि आपापल्या पद्धतीने तिन्ही बरोबर. चूक फक्त दहा छाटलेल्या आकड्यांची बेरीज करून तिला "एकूण वेळ" म्हणण्यात होती.

काकांना हे पटायला दुसरा चहा लागला.

छाटणं, वर ढकलणं आणि जवळचा सेकंद

पूर्ण सेकंद करायच्या तीन पद्धती आहेत आणि त्यांच्या चुका वेगवेगळ्या जातीच्या असतात. शीटमध्ये काय करायचं ते याच्यावर ठरतं, म्हणून इथे जरा थांबू.

छाटलं की प्रत्येक स्प्लिट खऱ्यापेक्षा लहान होतो, मोठा कधीच नाही. दशांश कुठलाही असू शकतो, त्यामुळे सरासरीने दर स्प्लिटला अर्धा सेकंद जातो. सगळ्या चुका एकाच दिशेच्या, म्हणून त्या साचत जातात. दहा स्प्लिटला साधारण पाच सेकंद, पूर्ण मॅरेथॉनच्या ४२ स्प्लिटला साधारण २१ सेकंद. वर ढकललं तरी तेच, फक्त उलट्या बाजूने. काकांचे दहाही स्प्लिट वर ढकलले तर बेरीज ५०:०४ येते.

जवळच्या सेकंदावर नेलं तर काही स्प्लिट वाढतात, काही घटतात आणि चुका बऱ्याच प्रमाणात एकमेकींना खातात. एका स्प्लिटमागे साधारण चूक ०.२९ सेकंदाच्या आसपास असते. बेरजेतली चूक स्प्लिटच्या संख्येच्या पटीत वाढत नाही, संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. म्हणजे दहा स्प्लिटला साधारण एक सेकंद, ४२ ला दोनाच्या जरासं आत. काकांचे आकडे जवळच्या सेकंदावर नेऊन बेरीज केली तर ५०:०२ येते, खऱ्यापेक्षा १.४ सेकंद जास्त. छाटण्यापेक्षा हे खूपच बरं, पण जुळणी इथेही होत नाही. निकाल ५०:०१ आणि शीट ५०:०२ म्हणाली की पुन्हा फोन येतोच.

शिवाय "चुका एकमेकींना खातात" हे दशांश विखुरलेले असले तरच खरं. ट्रेडमिलवर एकाच वेगाने पळालात आणि प्रत्येक किलोमीटर ५:१५.४ चा निघाला, तर जवळच्या सेकंदावर नेतानाही दर वेळी तेच ०.४ गळतात. दहा किलोमीटरला चार सेकंद. पुढे पेस बँडमध्ये हीच गोष्ट त्रास देते.

दुरुस्ती: स्प्लिट राउंड करू नका, घड्याळाची धावती वेळ राउंड करा

उपाय एका ओळीचा आहे. प्रत्येक फलकापाशी सुरुवातीपासूनची एकूण वेळ काढा, ती पूर्ण सेकंदात आणा, आणि लागोपाठच्या दोन पूर्ण वेळांतला फरक म्हणजे दाखवायचा स्प्लिट. अशा स्प्लिटची बेरीज चुकूच शकत नाही, कारण मधल्या सगळ्या वेळा एकदा मिळवल्या जातात आणि एकदा वजा होतात. शेवटी उरते ती फक्त अंतिम वेळ. राउंडिंग प्रत्येक फलकाला नव्याने होतं, आधीच्या फलकाची चूक पुढे वाहून नेली जात नाही.

शीटमध्ये B स्तंभात खरे स्प्लिट सेकंदांत लिहा, B2 पासून B11 पर्यंत. वेळ टाइप करताना एक खड्डा आहे. नुसतं `4:57` टाइप केलं तर एक्सेल त्याला चार तास सत्तावन्न मिनिटं समजतं. म्हणून मी सरळ `=4*60+57.8` असं लिहितो. दिसायला गावठी, पण फसत नाही. मग दुसऱ्या ओळीत हे लिहून खाली ओढा:

```
C2: =ROUND(SUM(B$2:B2),2)
D2: =ROUNDUP(C2,0)
E2: =D2-N(D1)
F2: =TEXT(E2/86400,"m:ss")
```

C ही धावती खरी वेळ, D ती पुढच्या सेकंदावर नेलेली, E दाखवायचा स्प्लिट आणि F त्याचं मिनिट-सेकंदातलं रूप. `N(D1)` मुळे D1 मध्ये शीर्षक असलं तरी ते शून्य धरलं जातं, म्हणून पहिल्या ओळीसाठी वेगळं सूत्र लागत नाही. ८६४०० हे दिवसाचे सेकंद, कारण शीट वेळ दिवसाच्या अपूर्णांकात साठवते. एकूण वेळेसाठी `=TEXT(D11/86400,"[h]:mm:ss")` वापरा. तो चौकोनी कंस २४ तासांपुढच्या वेळेसाठी लागतो, अल्ट्रा पळणाऱ्यांनी तो विसरू नये.

C2 मधला `ROUND` निरुपयोगी वाटेल, पण काढू नका. काकांची चौथ्या फलकाची धावती वेळ बरोबर १२००.० सेकंद आहे. संगणक दशांश द्विमान पद्धतीत ठेवतो, त्यामुळे अशी बेरीज कधी कधी १२००.०००००००००००००२ अशी निघू शकते. नजरेला न दिसणारं ते शेपूट `ROUNDUP` ला पुरू शकतं आणि तो १२०१ करून मोकळा होऊ शकतो. आधी दोन दशांशांवर आणलं की शेपूट कापलं जातं.

काकांचा निकाल असा येतो:

| किमी | धावती खरी वेळ | पुढच्या सेकंदावर | दाखवायचा स्प्लिट |
|---|---|---|---|
| १ | ४:५७.८ | ४:५८ | ४:५८ |
| २ | ९:५७.४ | ९:५८ | ५:०० |
| ३ | १४:५९.१ | १५:०० | ५:०२ |
| ४ | २०:००.० | २०:०० | ५:०० |
| ५ | २५:०२.४ | २५:०३ | ५:०३ |
| ६ | ३०:०४.२ | ३०:०५ | ५:०२ |
| ७ | ३५:०७.९ | ३५:०८ | ५:०३ |
| ८ | ४०:१०.४ | ४०:११ | ५:०३ |
| ९ | ४५:०९.३ | ४५:१० | ४:५९ |
| १० | ५०:००.६ | ५०:०१ | ४:५१ |

शेवटचा स्तंभ बेरीज करून पाहा, ५०:०१ येतील. निकालाशी तंतोतंत.

याची किंमत मात्र आहे. चौथा किलोमीटर खरा ५:००.९ चा, पण इथे ५:०० दिसतो. जवळच्या सेकंदावर नेला असता तर ५:०१ दिसला असता. या पद्धतीत एखादा सुटा स्प्लिट खऱ्यापेक्षा जवळजवळ एक सेकंद इकडेतिकडे दिसू शकतो. बेरीज जुळवायची असेल तर तेवढं सोसावं लागतं. म्हणून कुणाचा "सर्वांत वेगवान किलोमीटर" ठरवायचा असेल तेव्हा मी E किंवा F कडे बघत नाही, B मधल्या दशांशांवरच ठरवतो. दोन स्तंभांची दोन कामं.

काही जण सोपी पळवाट काढतात. सगळे स्प्लिट आपले राउंड करायचे आणि उरलेला फरक शेवटच्या किलोमीटरच्या माथी मारायचा. काकांच्या बाबतीत तसं केलं तर छाटलेल्या नऊ स्प्लिटनंतर शेवटचा ४:५८ दाखवावा लागेल, खरा ४:५१ असताना. ज्या किलोमीटरला माणूस जीव तोडून पळाला तोच नेमका सात सेकंदांनी मंद दिसेल. हे करू नका.

शीट स्वतः काय करते, ते एकदा तपासा

पेशीला फक्त `mm:ss` फॉरमॅट दिलं तर आतला आकडा बदलत नाही, दिसणं बदलतं. पेशीत दशांश जिवंत असतात आणि `SUM` त्यांचीच बेरीज करतो. म्हणजे खाली आलेली बेरीज बरोबर असते, पण वर दिसणारे आकडे कुणी हाताने मिळवले तर ते जुळत नाहीत. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला की हमखास कुणीतरी मिळवून बघतं.

दाखवताना छाटणी होते की जवळचा सेकंद येतो, हे सगळ्या अ‍ॅप्समध्ये सारखं नसतं. तपासायला अर्धं मिनिट लागतं. रिकाम्या पेशीत `=4.9/86400` लिहा आणि `mm:ss` फॉरमॅट द्या. `00:05` दिसलं तर जवळचा सेकंद, `00:04` दिसलं तर छाटणी. घड्याळाच्या मोबाइल अ‍ॅपचंही असंच तपासता येतं: फाइलमध्ये .८ किंवा .९ ने संपणारा लॅप शोधा आणि अ‍ॅपमध्ये तो किती दाखवला आहे ते बघा. एकच लॅप पुरेसा आहे.

पेस बँड: जिथे पाऊण सेकंद २१ वेळा मोजला जातो

आतापर्यंत धावून झालेल्या वेळा पाहिल्या. धावण्याआधी मनगटावर बांधायची पेसची पट्टी बनवताना हीच चूक उलट्या दिशेने घुसते, आणि तिथे ती जास्त महाग पडते.

हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. दोन तासांत संपवायची तर ७२०० भागिले २१.०९७५, म्हणजे किलोमीटरला ३४१.२७ सेकंद, ५:४१.२७. आता कुणी "जरा सोपं" म्हणून ५:४२ धरलं आणि त्याच्याच पटीत पट्टी लिहिली, तर ५ किलोमीटरला २८:३०, १० ला ५७:००, १५ ला १:२५:३०, २० ला १:५४:००. छान गोल आकडे. पट्टीप्रमाणे अगदी सेकंदबरहुकूम पळालात तर शेवटी घड्याळात २:००:१५ दिसतील. दर किलोमीटरला पाऊण सेकंदाच्या आतलीच चूक, पण दर वेळी तीच आणि त्याच बाजूला. खायला दुसरी चूक नाहीच.

इथेही उपाय तोच. पेस राउंड करू नका. पूर्ण दशांशासकट ३४१.२७२७ ला अंतराने गुणा आणि आलेली धावती वेळ एकदाच पूर्ण सेकंदात आणा. पट्टीवर मात्र छाटायचं, वर ढकलायचं नाही, कारण लक्ष्याच्या अलीकडे राहायचं आहे. मग येतं ५ ला २८:२६, १० ला ५६:५२, १५ ला १:२५:१९, २० ला १:५३:४५ आणि शेवटी २:००:००. विसाव्या किलोमीटरला दोन पट्ट्यांमध्ये १५ सेकंदांचा फरक आहे, आणि त्या टप्प्यावर १५ सेकंद भरून काढणं म्हणजे काय ते पळणाऱ्यांना सांगायला नको.

प्रत्यक्षात धावणारा फलक ते फलक सरळ रेषेत पळत नाही, वळणावर चार पावलं जास्त पडतातच. म्हणून मी स्वतः पट्टी लक्ष्यापेक्षा मिनिटभर कमी वेळेची बनवतो. पण ती मुद्दाम ठेवलेली सूट आहे. राउंडिंगमधून नकळत आलेल्या चुकीवर सूट म्हणून विसंबू नये, ती कुठल्या बाजूला पडेल याचा नेम नसतो.

दशांश हरवलेले असतील तर

जुन्या वह्या, कागदावर लिहिलेले लॅप, स्क्रीनशॉट. इथे दशांश परत मिळत नाहीत. एकूण वेळ वेगळी लिहून ठेवली असेल तर तीच खरी माना, स्प्लिट जसेच्या तसे ठेवा आणि शेजारी "स्प्लिट छाटलेले, बेरीज जुळणार नाही" एवढी टीप टाका. स्प्लिटशी छेडछाड करून बेरीज जुळवू नका.

एकूण वेळच नसेल तर अंदाज बांधता येतो. छाटलेल्या स्प्लिटच्या बेरजेत स्प्लिटच्या संख्येच्या निम्मे सेकंद मिळवा. दहा स्प्लिट असतील तर पाच. खरी वेळ बहुतेक वेळा त्याच्या दोन सेकंद अलीकडे-पलीकडे सापडते.

काकांची फाइल हरवली असती आणि हातात फक्त पडद्यावरचे दहा आकडे असते, तर ४९:५४ अधिक पाच, म्हणजे ४९:५९, दोन सेकंद कमीजास्त. ५० च्या आत की बाहेर, हे त्या आकड्यांवरून कुणालाच सांगता आलं नसतं. काका म्हणाले, "मग फाइल काढलीसच कशाला?"